रिग्रेशन: ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढला, तरी चारपैकी तीन गाड्या बाहेर कशा?

अर्धवर्तुळ (धागाकर्ती)

नमस्कार. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. गृहपाठात लिहिलेल्या एका वाक्यावरून वर्गात माझी चांगलीच अडचण झाली, आणि चूक नेमकी कोठे झाली हे मला अजून नीट उमगलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

R मध्ये cars नावाचा विदासंच आयता मिळतो. त्यात ५० नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत गाडीचा वेग ताशी मैलांत आणि ब्रेक लावल्यावर थांबेपर्यंत तिने घेतलेले अंतर फुटांत दिले आहे. नोंदी १९२० च्या दशकातील आहेत. मी त्यावर सरळ रेषा बसवली आणि ताशी २४ मैल वेगासाठी इंटरव्हल काढला:

```r
m <- lm(dist ~ speed, data = cars)
predict(m, data.frame(speed = 24), interval = "confidence")
```

उत्तर आले ७६.८ फूट, आणि इंटरव्हल ६८.४ ते ८५.२. त्यावरून मी लिहिले, "ताशी २४ मैल वेगाने जाणारी गाडी ९५ टक्के खात्रीने ६८ ते ८५ फुटांच्या दरम्यान थांबेल." माझ्या मैत्रिणीने विदासंच उघडून २४ मैलांच्या नोंदी वाचून दाखवल्या: ७०, ९२, ९३ आणि १२०. चारपैकी तीन माझ्या इंटरव्हलच्या बाहेर! रेषा बसवताना ह्याच चार नोंदी वापरल्या होत्या, म्हणजे त्या परक्याही नाहीत. मग ९५ टक्के गेले कोठे? आज्ञा चुकली आहे, की रेषाच वाईट बसली आहे?

---

खडूफळा

आज्ञा बरोबर आहे आणि रेषाही फार वाईट नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की ५० नोंदी म्हणजे लहान नमुना. नमुना लहान असला की अंदाज डळमळीत असतो आणि काही निरीक्षणे इंटरव्हलबाहेर जाणारच. तुमच्याकडे ५०० नोंदी असत्या तर हा प्रश्न बहुधा उद्भवला नसता. शिवाय २४ मैल हे विदासंचाच्या वरच्या टोकाजवळ आहे. तेथे रेषा कमी भरवशाची असते, हेही एक कारण धरावे.

---

माळरान

खडूफळा, टोकाजवळ रेषा कमी भरवशाची असते हे आपले म्हणणे बरोबर आहे. ५०० नोंदींविषयीचे मात्र नेमके उलटे आहे. नोंदी ५०० झाल्या तर धागाकर्तीचा पट्टा आणखी अरुंद होईल आणि आणखी गाड्या त्याच्या बाहेर पडतील. नोंदी लाखभर केल्या तर पट्टा जवळजवळ रेषेइतका बारीक होईल आणि सगळ्याच गाड्या बाहेर जातील. त्या वेळीही पट्टा आपले काम चोखच करत असेल, कारण त्याचे काम गाड्यांना पकडण्याचे नाहीच.

अर्धवर्तुळ, तुमच्या वाक्यातील कर्ता चुकला आहे. ६८.४ ते ८५.२ हा इंटरव्हल "गाडी" विषयी काहीही बोलत नाही. तो ताशी २४ मैल वेगाच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी अंतराविषयी बोलतो, म्हणजे खरी रेषा २४ मैलांवर किती उंचीवर आहे ह्याविषयी. ती उंची आपल्याला नेमकी ठाऊक नाही, कारण रेषा ५० नोंदींवरून बसवलेली आहे. दुसऱ्या ५० नोंदी मिळाल्या असत्या तर ती थोडी वर, खाली किंवा तिरपी बसली असती. कॉन्फिडन्स इंटरव्हल मोजतो तो हा डळमळीतपणा.

एखादी गाडी घेतली, की त्यात दुसरी गोष्ट मिसळते. ब्रेक, टायर, रस्ता आणि चालक ह्यांमुळे प्रत्येक गाडी सरासरीपासून दूर जाते. ह्या विदासंचात हे दूर जाणे प्रमाण विचलनाच्या भाषेत सुमारे १५.४ फूट आहे. summary(m) मध्ये "Residual standard error" म्हणून दिसतो तोच हा आकडा, १५.३८. नोंदी वाढवून हा आकडा कमी होत नाही, केवळ अधिक नेमका कळतो.

आता २४ मैलांवर हिशेब करू. वेगांची सरासरी १५.४ आहे आणि त्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १३७०.

```
h = 1/50 + (24 - 15.4)^2 / 1370 = 0.0740
mean : 2.011 * 15.38 * sqrt(h)     =  8.4
new  : 2.011 * 15.38 * sqrt(1 + h) = 32.0
```

दोन्ही ओळींत फरक आहे तो केवळ वर्गमुळातल्या त्या १ चा. तो १ म्हणजे नव्या गाडीचा स्वतःचा लहरीपणा. पहिल्या ओळीतून तुमचा ६८.४ ते ८५.२ हा इंटरव्हल येतो, आणि दुसरीतून ४४.८ ते १०८.८. "गाडी इतक्या फुटांत थांबेल" असे लिहायचे असेल तर दुसरा घ्यावा लागतो आणि R मध्ये त्यासाठी interval = "prediction" लिहावे लागते. वर्गांच्या भाषेत पाहिले तर दुसऱ्या इंटरव्हलमागे एकूण विचरण सुमारे २५४ आहे. त्यातले २३६.५ गाडीचे आणि फक्त १७.५ रेषेचे. म्हणजे विदासंचाच्या जवळजवळ टोकालासुद्धा रेषेच्या अनिश्चिततेचा वाटा सात टक्केच भरतो. तुमच्या गृहपाठात ते सात टक्के लिहिले गेले आणि उरलेले त्र्याण्णव सोडले गेले.

---

खडूफळा

मान्य आहे. मी दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घातल्या. मात्र मग एक विचारतो: नोंदी कितीही वाढवल्या तरी प्रेडिक्शन इंटरव्हल अरुंद होतच नाही का?

---

माळरान

होतो, पण नगण्य. वर्गमुळातला h शून्याकडे जातो आणि २.०११ चा १.९६ होतो. १५.३८ हाच खरा आकडा आहे असे धरले तर २४ मैलांवर ३२ चे सुमारे ३० होतील आणि तेथेच थांबतील. पट्टा त्याहून अरुंद हवा असेल तर गाड्यांविषयी आणखी काही मोजावे लागेल, उदाहरणार्थ वजन किंवा ब्रेकचा प्रकार, म्हणजे आज "लहरीपणा" ह्या सदरात पडलेले काही तरी रेषेत येईल. नुसत्या जास्त गाड्या मोजून ते साधत नाही.

---

निळी_शाई

मी पायथनमध्ये काम करते, आणि हा गोंधळ मी पुष्कळ अहवालांत पाहिला आहे. माझ्या मते त्याचे मूळ आलेखात आहे. seaborn चा regplot किंवा ggplot2 चा geom_smooth वापरला, की रेषेभोवती फिकट रंगाचा पट्टा आपोआप येतो. तो पट्टा सरासरीचा असतो, पण बघणाऱ्याला वाटते की ठिपके त्याच्या आत असायला हवेत. मग ठिपके बाहेर दिसले की कोणी "आउटलायर" म्हणून ते काढून टाकतो! एका ठिकाणी मी हे होताना प्रत्यक्ष पाहिले आहे. निम्म्याहून अधिक नोंदी संशयित ठरल्या होत्या, तरी कोणाला शंका आली नाही.

statsmodels मध्ये get_prediction नंतर summary_frame मागितले, की दोन्ही इंटरव्हल एकाच तक्त्यात येतात. mean_ci_lower, mean_ci_upper हे सरासरीचे आणि obs_ci_lower, obs_ci_upper हे एका नव्या निरीक्षणाचे. नावे शेजारीशेजारी असल्यामुळे तेथे निदान थांबून विचार करावा लागतो. R मध्ये एका शब्दाचा फरक असल्याने तो सहज निसटतो.

---

अर्धवर्तुळ

माळरान, आभार. निळी_शाई ह्यांचा प्रतिसाद वाचून मी सगळ्या ५० नोंदी दोन्ही पट्ट्यांशी ताडून पाहिल्या. सरासरीच्या पट्ट्यात ५० पैकी फक्त १७ नोंदी आहेत, म्हणजे ३४ टक्के. दुसऱ्या पट्ट्यात ४८ आहेत. बाहेरच्या दोन म्हणजे ताशी १४ मैलांवरची ८० फुटांची आणि २४ मैलांवरची १२० फुटांची. ४८ म्हणजे ९६ टक्के, तर हा पडताळा पुरेसा मानावा का?

---

माळरान

तुम्ही मोजून पाहिलेत हे बरे केलेत. १७ हा आकडा गृहपाठात जरूर लिहा. कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा तो लवकर पटतो. ४८ बाबत मात्र दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पहिली म्हणजे ह्या नोंदी नव्या नाहीत. रेषा त्यांच्याकडे बघूनच बसवलेली आहे, त्यामुळे त्या रेषेला खऱ्या नव्या गाडीपेक्षा किंचित जवळच असतात. R ला नवी विदा न देता प्रेडिक्शन इंटरव्हल मागितला, तर तो ह्याच कारणाने सूचना देतो, की हे आकडे भविष्यातल्या निरीक्षणांविषयी आहेत. दुसरी अधिक गंभीर गोष्ट म्हणजे बाहेर पडलेल्या दोन्ही नोंदी वरच्या बाजूला आहेत. ह्याकडे नंतर येऊ.

९५ टक्के कशाला लागू आहेत हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर हे चालवा. येथे खरी रेषा आपणच ठरवली आहे. दर वेळी ५० नव्या नोंदी तयार करून सरासरीचा इंटरव्हल काढला आहे, आणि त्यात खरी सरासरी सापडते का व एक नवी गाडी सापडते का, ते मोजले आहे.

```r
x  <- cars$speed
mu <- -17.58 + 3.932 * 24
r <- replicate(5000, {
  y <- -17.58 + 3.932 * x + rnorm(50, sd = 15.38)
  k <- predict(lm(y ~ x), data.frame(x = 24),
               interval = "confidence")
  z <- c(mu, mu + rnorm(1, sd = 15.38))
  z > k[2] & z < k[3]
})
rowMeans(r)
```

पहिला आकडा ०.९५ च्या आसपास येईल आणि दुसरा ०.४० च्या. म्हणजे आपल्या मूळ वाक्यातली "९५ टक्के खात्री" प्रत्यक्षात ४० टक्के होती. आता "confidence" च्या जागी "prediction" लिहून पुन्हा चालवा. दुसरा आकडा ०.९५ वर येईल, आणि पहिला जवळजवळ १ होईल.

---

चौथा_मजला

धागा उशिरा वाचला. मी बांधकामाच्या साइटवर गुणवत्ता तपासणी पाहतो आणि हा माझा रोजचाच विषय असल्यामुळे लिहितो. आम्ही काँक्रीटचे क्यूब भरतो, काही ७ दिवसांनी फोडतो आणि काही २८ दिवसांनी. जुन्या ४० बॅचेसच्या आकड्यांवरून मी ७ दिवसांच्या ताकदीवरून २८ दिवसांची ताकद सांगणारी रेषा बसवली आहे. ग्रेड एम २५ आहे. म्हणजे प्रेडिक्शन इंटरव्हलचे खालचे टोक २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर असले, की ९५ टक्के क्यूब पास, असा माझा समज आहे. आमच्या संहितेतही सरासरीतून १.६५ गुणिले प्रमाण विचलन वजा करतात, म्हणजे दोन्ही एकच झाले ना? एक्सेलमध्ये STEYX ने मिळणारा आकडा दुप्पट करून मी रेषेच्या वरखाली लावतो आणि काम भागते.

---

माळरान

चौथा_मजला, आपला प्रश्न धाग्यातल्या प्रश्नाच्या शेजारचा आहे, तोच नाही. तरी तो येथे आला हे उपयोगाचे झाले, कारण त्यातून तीन गोष्टी वेगळ्या करता येतात.

आधी एक्सेलविषयी. STEYX म्हणजे रेषेपासूनचे प्रमाण विचलन, धाग्यातल्या १५.३८ चा भाऊबंद. त्याची दुप्पट केली की गाडीचा लहरीपणा धरला जातो आणि रेषेची अनिश्चितता सुटते. ४० बॅचेस असतील आणि नवी बॅच जुन्या आकड्यांच्या मध्याजवळ असेल तर फारसे बिघडत नाही. ७ दिवसांचा आकडा नेहमीपेक्षा फार कमी किंवा फार जास्त आला, तर तो h वाढतो आणि आपला पट्टा हवा त्यापेक्षा अरुंद पडतो. दुर्दैव असे, की आपल्याला काळजी वाटते ती नेमकी अशाच बॅचची.

आता "९५ टक्के क्यूब पास". प्रेडिक्शन इंटरव्हलचे आश्वासन एका पुढच्या निरीक्षणाविषयी असते. विदा गोळा करणे, रेषा बसवणे आणि मग एक नवे निरीक्षण घेणे, हा सगळा खेळ पुन्हापुन्हा खेळला तर ९५ टक्के वेळा ते निरीक्षण आत पडेल. आज आपल्या हातात असलेल्या ह्या एका रेषेभोवतीच्या पट्ट्यात पुढच्या सगळ्या क्यूबांपैकी ९५ टक्के मावतील, असे ते आश्वासन नाही. आपली रेषा नशिबाने चांगली बसली असेल तर ९७ टक्के मावतील, वाईट बसली असेल तर ९० टक्के. "किमान इतके टक्के क्यूब ह्याच्या वर असतील, आणि हे मी इतक्या खात्रीने सांगतो" असे म्हणायचे असेल तर तो टॉलरन्स इंटरव्हल. तो प्रेडिक्शन इंटरव्हलपेक्षा रुंद असतो. शिवाय आपला प्रश्न फक्त खालच्या टोकाचा आहे. दोन्ही बाजूंच्या ९५ टक्के इंटरव्हलचे खालचे टोक घेतले, तर त्याच्या खाली अडीच टक्के राहतात, पाच नव्हे. संहितेतला १.६५ एका बाजूचा आहे, पाच टक्के खाली राहतील असा, आणि प्रमाण विचलन पक्के ठाऊक आहे असे धरणारा. म्हणून दोन्ही एकच झाले असे म्हणता येत नाही.

---

चौथा_मजला

एवढा फरक असेल असे वाटले नव्हते. मग आणखी एक अडचण सांगतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणे एका नमुन्याचा निकाल म्हणजे तीन क्यूबांची सरासरी. माझे ४० आकडेही तशाच सरासरी आहेत. तर मग माझी गोष्ट "सरासरी" ह्या सदरात मोडते आणि मला अरुंद पट्टा वापरता येईल, असे नाही का?

---

खडूफळा

येथे मला वाटते, की मी उत्तर देऊ शकेन, कारण वरचा हिशेब मी वर्गात घेऊन पाहिला. कॉन्फिडन्स इंटरव्हलमधली सरासरी म्हणजे त्या परिस्थितीतल्या सगळ्या, अगणित निरीक्षणांची सरासरी. तीनची सरासरी ही त्या दोहोंच्या मधली गोष्ट आहे. नवीन एका निरीक्षणासाठी वर्गमुळात 1 + h येतो, तर m निरीक्षणांच्या सरासरीसाठी 1/m + h. गाड्यांच्या उदाहरणात २४ मैलांवर चार नव्या गाड्यांची सरासरी घेतली तर ३२ च्या जागी १७.६ फूट येतात, आणि m वाढवत नेला की ८.४ कडे सरकत जातात. म्हणून आपण 1/3 + h घ्यावे.

---

माळरान

सूत्र बरोबर आहे, पण क्यूबांना ते असे लागू होत नाही. दोन कारणे आहेत.

एक तर चौथा_मजला ह्यांचे ४० आकडे आधीच तीनतीनच्या सरासरी आहेत. त्यांच्या रेषेसाठी "एक निरीक्षण" म्हणजेच तीन क्यूबांची सरासरी, आणि त्यांचे प्रमाण विचलनही अशा सरासरींचेच आहे. पुढचा निकालही तसाच येणार असेल तर वर्गमुळात 1 + h हेच योग्य. पुन्हा तीनने भागले तर एकच सूट दोनदा घेतल्यासारखे होईल.

दुसरे म्हणजे, आकडे सुट्या क्यूबांचे असते तरीसुद्धा 1/3 चालला नसता. एका नमुन्याचे तीन क्यूब एकाच बॅचमधून भरलेले असतात. त्या दिवशी पाणी जास्त पडले असेल तर तिन्ही कमी भरतील. 1/m हे सूत्र असे धरून चालते, की तिघांची चूक एकमेकांपासून स्वतंत्र आहे आणि सरासरीत ती परस्परांना खाऊन टाकते. एकाच बॅचमधला समान दोष तसा खाल्ला जात नाही. क्यूबाक्यूबातला फरक तीनने भागला जातो, बॅचाबॅचांतला मात्र अख्खा उरतो. गाड्यांच्या उदाहरणात चार वेगवेगळ्या गाड्या घेतल्या तर खडूफळा ह्यांचे १७.६ बरोबर. एकच गाडी चार वेळा थांबवली तर तो आकडा फसवा ठरेल.

---

निळी_शाई

आपण वर म्हणाला होता, की बाहेर पडलेल्या दोन्ही नोंदी वरच्या बाजूला आहेत, त्याकडे नंतर येऊ. ते राहूनच गेले.

---

माळरान

आठवण करून दिलीत, बरे झाले. खरे तर ह्या विदासंचात माझ्या लेखी सर्वांत मोठी अडचण तीच आहे.

सरासरीचा इंटरव्हल बराच सोशीक असतो. गाड्यांचे रेषेभोवतीचे वाटप अगदी घंटाकृती नसले, तरी ५० नोंदींच्या सरासरीत ते बरेचसे सावरले जाते. प्रेडिक्शन इंटरव्हलला ही सवलत नाही. तो एका गाडीविषयी बोलतो आणि त्या एकीचे वाटप जसे असेल तसे त्याला भोगावे लागते. आपला हिशेब असे धरतो, की सगळ्या वेगांवर गाड्यांचा पसारा सारखाच, १५.३८ फुटांचा आहे. आता नोंदी पाहा. ताशी १२ मैलांवर १४, २०, २४, २८. ताशी २४ मैलांवर ७० ते १२०. वेगाबरोबर पसारा वाढतो आहे, तरी प्रेडिक्शन पट्टा दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारख्याच रुंदीचा: १२ मैलांवर वरखाली ३१.४ आणि २४ मैलांवर ३२.०. परिणाम असा, की १२ मैलांवर पट्ट्याचे खालचे टोक उणे १.७ फूट येते, म्हणजे ब्रेक लावायच्या आधीच गाडी थांबली! आणि २४ मैलांवर १२० ची नोंद बाहेर पडते. पट्टा एका ठिकाणी ढगळ आणि दुसऱ्या ठिकाणी तंग. एकूण मोजदाद ४८ येते ती ह्या दोन चुका एकमेकींना झाकतात म्हणून. हे ओळखायचे तर रेसिड्युअल बसवलेल्या मूल्यांसमोर मांडावेत. येथे ते उजवीकडे फाकत जाताना दिसतात.

एक उपाय म्हणजे अंतराच्या वर्गमुळावर रेषा बसवणे, lm(sqrt(dist) ~ speed). त्यात प्रेडिक्शन इंटरव्हलची दोन्ही टोके काढून त्यांचा वर्ग केला, तर १२ मैलांवर ८.४ ते ५४.७ फूट आणि २४ मैलांवर सुमारे ४५ ते १२८ फूट येतात. उणे अंतर गेले, कमी वेगाला पट्टा आवळला, जास्त वेगाला सैल झाला आणि १२० आत आले.

---

अर्धवर्तुळ

मी हे करून पाहिले आणि आकडे जुळले. मग त्याच पद्धतीने सरासरीच्या इंटरव्हलच्या टोकांचाही वर्ग केला. १२ मैलांवर २२.८ ते ३०.५ फूट आले. हे सरासरी अंतराचे इंटरव्हल म्हणून लिहावे का?

---

माळरान

नाही, आणि दोन इंटरव्हल कसे वेगळ्या जातीचे आहेत ते येथे पुन्हा दिसते. "नवी गाडी ह्या दोन टोकांच्या मध्ये पडेल" हे विधान वर्ग केल्यावरही तसेच राहते, कारण ज्या गाडीचे वर्गमूळ दोन टोकांमध्ये आहे तिचे अंतर त्या टोकांच्या वर्गांमध्ये असणारच. सरासरीचे तसे नसते. वर्गमुळांच्या सरासरीचा वर्ग म्हणजे अंतरांची सरासरी नव्हे, तो तिच्यापेक्षा कमीच भरतो. ह्या रेषेत तो फरक प्रमाण विचलन १.१०२ च्या वर्गाइतका, म्हणजे १.२ फुटांचा आहे. रेषेचा वर्ग २६.५ येतो, तर सरासरी अंतर सुमारे २७.७. तुमचा २२.८ ते ३०.५ हा मध्यकाचा इंटरव्हल म्हणून चालेल. सरासरीचा म्हणून लिहू नका.

---

निळी_शाई

मला वर्गमूळ घेणे पटत नाही, हे स्पष्टच लिहिते. अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि त्यात प्रतिक्रियेच्या वेळेमुळे वेगाचाही एक भाग मिसळतो. मग वेग आणि वेगाचा वर्ग अशी दोन पदे घेऊन, स्थिर पद शून्य ठेवून, पसारा वेगाप्रमाणे वाढतो असे वजन देऊन रेषा बसवावी. त्यात सरासरीही थेट फुटांत मिळते. वर्गमूळ केवळ आकडे नीट दिसावेत म्हणून घेतले जाते.

---

माळरान

आपल्या पद्धतीला माझा विरोध नाही. तिच्यात सरासरीचा इंटरव्हल अधिक सरळ मिळतो. मात्र प्रेडिक्शन इंटरव्हलसाठी २४ मैलांवरचा पसारा किती, हे आपण निवडलेल्या वजनावर ठरेल. पसारा वेगाच्या प्रमाणात वाढतो की त्याच्या वर्गमुळाच्या, हे ५० नोंदींवरून खात्रीने सांगणे मला कठीण वाटते. R मध्ये predict ला नव्या वेगासाठीचे वजन वेगळे द्यावे लागते, हेही विसरू नये. ते न दिल्यास नव्या निरीक्षणाचा पसारा सगळीकडे सारखाच धरला जातो आणि आपण जेथून निघालो तेथेच पोहोचतो. वर्गमूळ दिखाऊ आहे हे मला मान्य नाही, पण ह्यावर आपले एकमत झालेच पाहिजे असेही नाही.

---

चौथा_मजला

माझ्याकडून शेवटचा प्रश्न. माझ्या ४० बॅचेसपैकी शेवटच्या दहांमध्ये सिमेंट बदलले आहे. पुढची बॅच नव्या सिमेंटची आहे. एका बाजूचा प्रेडिक्शन इंटरव्हल 1 + h घालून काढला तर चालेल का?

---

माळरान

तो इंटरव्हल असे धरून चालतो, की पुढची बॅच त्याच रेषेतून येते जिच्यातून मागच्या ४० आल्या. ताशी २४ मैलांच्या पट्ट्यात आजची गाडी बसवावी तसे ते होईल. १९२० च्या दशकातल्या ब्रेकांची अनिश्चितता त्या पट्ट्यात आहे, आजच्या ब्रेकांची नाही. शेवटच्या दहा बॅचेस जुन्या रेषेच्या एकाच बाजूला पडतात का, ते आधी पाहा. रेषा पहिल्या तिसांवरच बसवा आणि त्या दहांसाठी प्रेडिक्शन इंटरव्हल काढा. येथे त्या खरोखर नव्या आहेत, त्यामुळे हा पडताळा धागाकर्तीच्या ४८ पेक्षा अधिक मोलाचा ठरेल. दहापैकी एखादी बाहेर पडली तर एवढ्यावरून काही ठरत नाही. तीनचार पडल्या, किंवा सगळ्या आत असूनही रेषेच्या खालीच राहिल्या, तर जुन्या तीस बॅचेस नव्या सिमेंटसाठी वापरू नयेत. तारखेनिहाय आकडे येथे टाकलेत तर पाहता येईल.

---

चौथा_मजला

तारखेनिहाय वही साइटवर आहे. सोमवारी आकडे टाकतो.

---

अर्धवर्तुळ

गृहपाठातले वाक्य मी असे बदलले आहे: "ताशी २४ मैल वेगाच्या गाड्यांचे सरासरी थांबण्याचे अंतर ६८ ते ८५ फुटांच्या दरम्यान असावे. अशी एखादी नवी गाडी मात्र, सरळ रेषेच्या हिशेबाने, ४५ ते १०९ फुटांत कोठेही थांबू शकेल, आणि जास्त वेगाला पसारा वाढत असल्यामुळे १०९ हे वरचे टोक कमीच धरले गेले असण्याचा संभव आहे." पहिल्या वाक्यातही सारखा पसारा धरलेला आहे, तेव्हा २४ मैलांवर ६८ ते ८५ हा इंटरव्हलही थोडा तंगच असेल, असे मला आता वाटते. ते किती, हे अजून काढलेले नाही.